गाडीच्या क्लेममध्ये घसारा किती कापायचा, आणि टोटल लॉसची रक्कम कशी तपासायची

अपघातानंतर गाडी वर्कशॉपमध्ये जाते, सर्व्हेयर येऊन फोटो काढतो, आणि काही दिवसांनी कंपनीकडून एक आकडा येतो. बिल दीड लाखाचं आणि मंजुरी नव्वद हजारांची. विचारलं की उत्तर मिळतं, "डेप्रिसिएशन कापलंय साहेब, नियमच आहे." नियम खरोखरच आहे. पण तो छापील आहे, त्याचे टक्के ठरलेले आहेत, आणि कोणत्या गोष्टीवर घसारा लागत नाही हेही त्यातच लिहिलेलं आहे. शाळेतली टक्केवारी येणाऱ्या कुणालाही अर्ध्या तासात हा हिशोब तपासता येतो. पुढचं सगळं खासगी कारच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याबद्दल आहे, ज्याला आपण 'ओडी' म्हणतो. समोरच्याला द्यायच्या भरपाईचा विषय वेगळा आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करायला हवी. मोटर विम्यात घसारा दोन ठिकाणी येतो, आणि दोन्ही ठिकाणचे टक्के वेगळे आहेत. गाडी दुरुस्त होणार असेल तर बदललेल्या प्रत्येक पार्टवर घसारा कापतात. गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली असेल तर पार्टचा हिशोबच होत नाही. तिथे पॉलिसीवर छापलेली आयडीव्ही, म्हणजे गाडीची ठरवलेली विमा किंमत, मोजली जाते. या किमतीत गाडीच्या वयाचा घसारा पॉलिसी घेतानाच कापलेला असतो. म्हणून टोटल लॉसमध्ये तो पुन्हा कापायचा नसतो. ग्राहकाचे सर्वात जास्त पैसे जातात ते या दोन हिशोबांची सरमिसळ झाली की.

हे टक्के येतात २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमधून. १ जानेवारी २००७ पासून प्रीमियमचे दर कंपन्यांना मोकळे झाले, पण पॉलिसीची मूळ भाषा आणि घसाऱ्याचा तक्ता बहुतेक कंपन्यांच्या पॉलिसीत आजही तोच आहे. तरी वाद घालायच्या आधी स्वतःच्या पॉलिसीची पूर्ण पुस्तिका उघडा. ईमेलवर येणारं दोन पानी शेड्यूल म्हणजे पुस्तिका नव्हे. अटी आणि शर्तींची पंधरा-वीस पानं वेगळी असतात आणि कंपनीच्या वेबसाइटवर मिळतात. तक्ता त्यात 'सेक्शन १' खाली असतो.

तक्ता असा आहे. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, गाडी नवी असो की जुनी. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर शून्य. उरलेल्या सगळ्या पार्टवर, म्हणजे मुख्यतः धातूच्या पार्टवर, गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५०. हे वय अपघाताच्या दिवशी किती होतं ते बघायचं. क्लेम मंजूर झाला त्या दिवशी किंवा नुसतं मॉडेलचं वर्ष मोजून नाही. दोन वर्षं अकरा महिन्यांच्या गाडीला कुणी 'तीन वर्षांची' म्हणून २५ टक्के लावले, तर प्रत्येक धातूच्या पार्टवर दहा टक्के जास्त जातात.

मजुरीवर घसारा नाही. मेकॅनिकचे हात जुने होत नाहीत. रंगकामाची गोष्ट जरा वेगळी आहे आणि सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. रंगकामात फक्त मटेरियलवर ५० टक्के कापायचे असतात. बिलात मटेरियल आणि मजुरी वेगळी दाखवलेली नसेल, तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम मटेरियल समजायची, असं तक्त्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे रंगकामाच्या एकत्रित बिलावर कपात होते साडेबारा टक्के. कुणी पूर्ण बिलावर ५० टक्के लावले असतील तर ती सरळ चूक आहे.

आता एक गाडी घेऊन हिशोब करू. उदाहरण रचलेलं आहे, पण आकडे रोज वर्कशॉपमध्ये दिसतात तसेच आहेत. पेट्रोलवर चालणारी ११९७ सीसीची हॅचबॅक, वय तीन वर्षं पाच महिने. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना पुढच्या टेम्पोवर आदळली. बोनेट, दोन्ही फेंडर, क्रॉस मेंबर, एसीचा कंडेन्सर असे धातूचे पार्ट ६०,००० रुपयांचे. बंपर, ग्रिल, हेडलॅम्प आणि आतली लायनिंग असे प्लास्टिकचे पार्ट ४०,००० चे. पुढची काच ९,००० ची. डेंटिंग आणि फिटिंगची मजुरी १८,०००. रंगकाम एकत्र २०,०००. जीएसटी धरून एकूण बिल १,४७,०००. पॉलिसी साधी आहे, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, घेतलेलं नाही.

तक्त्याप्रमाणे धातूवर २५ टक्के म्हणजे १५,००० कापले जातील. प्लास्टिकवर निम्मे, २०,०००. काचेवर आणि मजुरीवर काही नाही. रंगकामाच्या २०,००० पैकी ५,००० मटेरियल, त्याचे निम्मे म्हणजे २,५००. घसारा झाला ३७,५००. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीची वजावट १,००० रुपये असते, तीही ग्राहकाचीच. कंपनीने द्यायचे १,०८,५००.

समजा मंजुरी आली ८८,५०० ची. वीस हजार कुठे गेले? सर्व्हेयरच्या तक्त्यात ओळीने बोट फिरवलं की सापडतात. काच प्लास्टिकच्या ओळीत बसवून निम्मी कापली आहे, तिथे ४,५०० गेले. क्रॉस मेंबर आणि कंडेन्सर मिळून १६,००० चे, ते 'पुढचा भाग' म्हणून बंपर-ग्रिलच्या गटात टाकून ५० टक्के लावले आहेत. २५ टक्क्यांऐवजी ५० म्हणजे आणखी ४,०००. रंगकामाच्या पूर्ण २०,००० वर ५० टक्के कापले आहेत, म्हणजे २,५०० ऐवजी १०,००० गेले. आणि मजुरी १८,००० ऐवजी १४,००० च मान्य केली आहे.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींवर वादाला जागाच नाही. तक्ता दाखवायचा आणि दुरुस्ती मागायची. चौथीचं तसं नाही. पॉलिसी 'वाजवी' खर्च देते, त्यामुळे मजुरी जास्त लावली आहे असं सर्व्हेयर म्हणू शकतो. तिथे वर्कशॉपकडून गाडीच्या कंपनीचं छापील मजुरी-पत्रक मागा, ज्यात प्रत्येक कामाचे तास आणि दर असतात. ते जोडलं की "जास्त आहे" एवढं म्हणून भागत नाही. कोणत्या कामाचे किती तास जास्त हे सर्व्हेयरला सांगावं लागतं.

मिश्र पार्टमध्ये खरा मतभेद होऊ शकतो. रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि टाक्या प्लास्टिकच्या असतात. आजकालचे हेडलॅम्प काचेसारखे दिसतात पण असतात प्लास्टिकचे, त्यामुळे 'काच आहे, शून्य लावा' हा आग्रह तिथे टिकत नाही. भांडायचं तर जिथे तक्ता स्पष्ट आहे तिथे भांडावं. चार ठाम मुद्द्यांत एक कच्चा मुद्दा घुसडला की समोरचा त्याच एकावर बोलत बसतो.

झिरो डेप घेतलेलं असेल तर पार्टवरचा हा घसारा कापलाच जात नाही. पण वजावटीचे हजार रुपये जातात, ऑइल-कूलंट-नटबोल्टसारख्या वस्तूंना बहुधा वेगळं कव्हर लागतं, आणि वर्षात किती क्लेमना झिरो डेप लागू आहे याची मर्यादा शेड्यूलवर लिहिलेली असते. झिरो डेप असूनही घसारा कापला असेल, तर आधी त्या कव्हरची ओळ आणि प्रीमियम शेड्यूलवर आहे का ते पाहा. एजंटने तोंडी सांगितलेलं कव्हर कागदावर नसलं तर क्लेममध्ये ते नसतंच.

आता मोठा अपघात.

हीच गाडी, पण खंबाटकी घाटात उलटली. पॉलिसीवर आयडीव्ही आहे ४,८०,०००. ती कशी आली हे समजून घेतलं की पुढचा वाद सोपा होतो. त्याच मॉडेलची पॉलिसी सुरू होतानाची, गाडी बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलेली विक्री किंमत, रोड टॅक्स आणि विमा न धरता, समजा ८,००,०००. तीन ते चार वर्षांच्या गाडीला आयडीव्हीच्या तक्त्यात घसारा ४० टक्के. उरले ४,८०,०००. हा तक्ता पार्टच्या तक्त्याहून कडक आहे: सहा महिन्यांपर्यंतच ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांपुढची किंमत कंपनी आणि ग्राहक परस्पर ठरवतात. त्याच गाडीच्या बोनेटवर २५ टक्के घसारा आणि अख्ख्या गाडीवर ४० टक्के. दोन तक्ते एकमेकांत मिसळायचे नाहीत ते यामुळेच.

टोटल लॉस कधी धरायचा याची व्याख्याही पॉलिसीत आहे. गाडी काढून आणणं आणि दुरुस्त करणं यांचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून जास्त झाला तर गाडी 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस' समजायची. बोलीभाषेत सीटीएल. आपल्या गाडीसाठी ही रेष ३,६०,००० वर पडते.

खर्च मोजायचा कसा, यावर वाद होतो. वर्कशॉपचं एस्टिमेट आलं ४,३५,००० चं. ग्राहक म्हणतो, रेष ओलांडली, टोटल लॉस द्या. सर्व्हेयर म्हणतो, 'पॉलिसीच्या अटींच्या अधीन' म्हणजे घसारा कापून. घसारा ९५,०००, उरले ३,४०,०००. रेषेच्या आत आहे, दुरुस्त करून घ्या. अनेक सर्व्हेयर असाच हिशोब धरतात आणि वाक्याची रचना त्यांना आधार देते. ग्राहकाच्या दृष्टीने हा सर्वात वाईट कोपरा आहे. घाटात उलटलेली गाडी परत घ्यायची आणि वर ९६,००० खिशातून भरायचे. झिरो डेप असतं तर घसारा कापला गेलाच नसता आणि हीच गाडी टोटल लॉसमध्ये गेली असती.

अशा वेळी उपाय वर्कशॉपच्या लिफ्टवर असतो. पहिलं एस्टिमेट बाहेरून दिसणाऱ्या नुकसानीचं असतं. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन उघडल्यावर आतलं नुकसान दिसतं आणि वर्कशॉप पुरवणी एस्टिमेट देतं. म्हणून दुरुस्तीला संमती द्यायच्या आधी गाडी पूर्ण उघडून, सर्व्हेयरला पुन्हा बोलावून, त्याच्यासमोर पुरवणी यादी करून घ्या. आपल्या उदाहरणात इंजिनच्या आतल्या धातूच्या पार्टचे ८०,००० निघाले. २५ टक्के कापून ६०,०००. सर्व्हेयरच्याच पद्धतीने बेरीज झाली ४,००,०००. गाडी रेषेच्या पलीकडे गेली. काम सुरू झाल्यावर हे कळलं तर परत फिरणं अवघड होतं. बॉडीच्या शेलला किंवा चासीला मुरड पडली असेल तर तिचं माप घ्यायला सांगा आणि ते माप कागदावर मागा.

टोटल लॉस मान्य झाला की कंपनीचा प्रस्ताव येतो. तो साधारण असा: "गाडीचा आजचा बाजारभाव ४,००,०००. सांगाड्याचे १,५०,००० मिळतील, तो तुमच्याकडे ठेवा. वजावट १,०००. तुम्हाला २,४९,०००." ऐकायला सरळ वाटतं, पण यात दोन ठिकाणी थांबायला हवं.

पहिलं, बाजारभाव. पॉलिसीत एक वाक्य आहे आणि ते शब्दशः दाखवण्यासारखं आहे: टोटल लॉससाठी आयडीव्ही हीच पॉलिसीच्या संपूर्ण काळात गाडीची बाजारकिंमत समजली जाईल, पुढे कोणताही घसारा न लावता. त्यामुळे पॉलिसी घेतल्यावर पाच महिने झाले म्हणून, जुन्या गाड्यांच्या वेबसाइटवर भाव कमी दिसतो म्हणून, किंवा गाडी जास्त किलोमीटर चालली म्हणून आयडीव्ही कमी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये ओरिएंटल इन्शुरन्सविरुद्धच्या एका प्रकरणात सांगितलं, की ज्या किमतीवर कंपनीने प्रीमियम घेतला ती किंमत नंतर कंपनीला नाकारता येत नाही. मला हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण लोक इथेच गप्प बसतात. गाडीची किंमत दर महिन्याला उतरते हे सगळ्यांना पटतं, मग कंपनीचं म्हणणंही पटून जातं. पण ग्राहकाने प्रीमियम ४,८०,००० वर भरला आहे. बाजारात भाव चढला असता तर कंपनीने जास्त दिले नसते. उतरला म्हणून कमीही देता येत नाहीत.

हे वाक्य ग्राहकाच्या विरुद्धही चालतं. नूतनीकरण करताना ऑनलाइन पानावर आयडीव्ही खाली सरकवून प्रीमियम सात-आठशे रुपयांनी कमी केला असेल, तर टोटल लॉसमध्ये तीच कमी रक्कम मिळते आणि तिला आव्हान देता येत नाही. मूळ बिलाची रक्कम किंवा रोड टॅक्स हवा असेल तर 'रिटर्न टू इनव्हॉइस' हे वेगळं कव्हर आधी घेतलेलं लागतं.

दुसरं थांबायचं ते सांगाड्याच्या किमतीवर. पॉलिसी म्हणते, आयडीव्ही वजा सांगाड्याची किंमत. सांगाडा जितका महाग दाखवला, तितकी कंपनीची देय रक्कम कमी. म्हणून १,५०,००० या आकड्यामागे खरा खरेदीदार आहे का, एवढंच बघायचं. कंपन्या सांगाड्यांसाठी भंगार घेणाऱ्यांकडून बोली मागवतात, बहुधा ऑनलाइन. ग्राहकाने लेखी मागायचं: सर्वात मोठी बोली कुणाची, किती रुपयांची, कोणत्या तारखेपर्यंत कायम, आणि ती आरसीसह आहे की आरसीविना. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. आरसीसह सांगाड्याला भाव जास्त येतो, कारण खरेदीदार गाडी पुन्हा उभी करून रस्त्यावर आणू शकतो. आरसी रद्द करून विकला तर उरतो सुट्या पार्टचा आणि पत्र्याचा भाव. कंपनीने आरसीसह भाव धरून रक्कम कापली आणि नंतर आरसी रद्द करायला सांगितली, तर ग्राहक दोन्हीकडून बुडतो.

बोली लावणारा फोन उचलत नसेल किंवा गाडी पाहून १,२०,००० च देतो म्हणत असेल, तर ते त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या आणि कंपनीला कळवा. मग कंपनीपुढे दोन सरळ पर्याय ठेवा. एकतर १,२०,००० धरून ३,५९,००० द्या आणि सांगाडा मी विकतो. नाहीतर सांगाडा तुम्ही घ्या आणि मला ४,७९,००० द्या. दोन्हीकडून ग्राहकाच्या हातात ४,७९,००० येतात. कंपनीच्या मूळ प्रस्तावात २,४९,००० आणि सांगाड्याचे प्रत्यक्ष १,२०,००० मिळून ३,६९,००० च आले असते. एक लाख दहा हजारांचा फरक, त्यातले ८०,००० बाजारभावाच्या नावाखाली आणि ३०,००० सांगाड्याच्या. स्वतःच्याच आकड्यावर विश्वास असेल तर कंपनीला सांगाडा घ्यायला अडचण नसावी. हा प्रश्न पत्रात जरूर विचारा.

सांगाडा स्वतः विकताना पैशाच्या घाईत आरसी आणि सह्या केलेले कोरे फॉर्म हातात देऊन मोकळं होऊ नका. मोटार वाहन कायद्यात जबाबदारी आरटीओच्या नोंदीतल्या मालकाची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे: गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी नोंदीत नाव ज्याचं, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं हे स्वतः पाहा, किंवा गाडी कायमची बाद असेल तर कलम ५५ खाली नोंदणी रद्द करून घ्या. त्यासाठी मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फास्टॅग बंद करा. कर्ज चालू असेल तर क्लेमची रक्कम आधी बँकेकडे जाते, उरलेली तुमच्याकडे.

आव्हान कसं द्यायचं ते आता. सुरुवात सर्व्हेयरच्या अंतिम अहवालापासून होते, कारण आकडे त्याच्या तक्त्यात असतात. कंपनीच्या ईमेलमध्ये फक्त बेरीज असते. अहवालाची प्रत लेखी मागा. सर्व्हेयर परवानाधारक असतो आणि त्याच्या मताला वजन असतं, पण ते अंतिम नसतं. २००९ मध्ये न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सर्व्हेयरचा अहवाल हा शेवटचा शब्द नाही. सबळ कारण असेल तर तो बाजूला ठेवता येतो. सबळ कारण म्हणजे तक्त्याशी न जुळणारी ओळ, किंवा खरेदीदार नसलेला भाव. "मला कमी वाटतं" हे कारण नव्हे.

पत्र लहान असावं. आपल्या उदाहरणात ते असं होईल:

"क्लेम क्रमांक अमुक. अंतिम सर्व्हे अहवालातील पुढील बाबी मला मान्य नाहीत. एक, गाडीची किंमत ४,००,००० धरली आहे; पॉलिसीच्या आयडीव्हीच्या कलमानुसार ती ४,८०,००० हवी. दोन, सांगाड्याची किंमत १,५०,००० धरली आहे; सोबत जोडलेल्या मेसेजनुसार आपल्याच बोलीदाराने १,२०,००० सांगितले आहेत. कृपया ३,५९,००० मंजूर करावेत किंवा सांगाडा ताब्यात घेऊन ४,७९,००० द्यावेत. कमी करण्याचा निर्णय कायम असल्यास पॉलिसीचं कोणतं कलम लावलं ते लेखी कळवावं."

हे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवायची सवय ठेवा: "आज आपण फोनवर सांगितलं की…" तक्रारीची नोंद bimabharosa.irdai.gov.in वरही करता येते. ती कंपनीकडेच जाते, पण विमा नियामकाच्या नोंदीत राहते. २०२४ च्या नियामक परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेयरने नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि कंपनीने अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत निर्णय. या तारखा लिहून ठेवा, कारण उशिराचे दिवस पुढे कामी येतात.

मधल्या काळात सही करायला कागद येतो, डिस्चार्ज व्हाउचर. त्यावर 'पूर्ण आणि अंतिम' असं छापलेलं असतं. सही केली म्हणजे सगळं संपलं असं कायद्याने आपोआप होत नाही. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की फसवून, चुकीची माहिती देऊन किंवा दबावाने घेतलेली सही ग्राहकाला अडवत नाही. पण दबाव होता हे सिद्ध करायची जबाबदारी ग्राहकावर येते आणि ते जड जातं. त्यापेक्षा सही करण्याआधीच ईमेल करा: "वादात नसलेली रक्कम मी निषेध नोंदवून स्वीकारत आहे, उरलेल्या रकमेचा हक्क राखून ठेवत आहे." कंपनी अशा अटीवर पैसे देत नसेल तर तेही तिच्याकडून लेखी घ्या. तोच दबावाचा पुरावा होतो.

कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की दोन वाटा आहेत. विमा लोकपालाकडे वैयक्तिक विम्याचे ५० लाखांपर्यंतचे वाद जातात. शुल्क नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. आपल्याकडे मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. कोणता जिल्हा कुणाकडे ते cioins.co.in वर दिसतं. तक्रार कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत करायची. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आणि तुम्हाला पटला नाही तर तुमच्यापुढे ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. घसाऱ्याच्या ओळी किंवा आयडीव्ही असा कागदावर दिसणारा वाद असेल तर मी आधी लोकपाल सुचवेन.

दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्यात आयोगाची पातळी तुम्ही भरलेल्या प्रीमियमवरून ठरते, क्लेमच्या रकमेवरून नाही, त्यामुळे मोटरचे जवळपास सगळे वाद जिल्ह्यातच बसतात. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, आणि प्रीमियम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. e-jagriti.gov.in वरून ऑनलाइनही होतं. आयोग व्याज आणि मनस्तापाची भरपाई देऊ शकतो, पण वेळ जास्त लागतो. इथे मुदत दोन वर्षांची. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते ऐकत नाही, म्हणून क्रम आधी ठरवा. आणि कंपनी "प्रकरण वर पाठवलंय" अशा ईमेलवर झुलवत राहिली तरी नकाराच्या पहिल्या पत्रापासून दिवस मोजत राहा. अशा ईमेलनी मुदत वाढेल या भरवशावर राहू नका.

तोवर गाडी वर्कशॉपच्या आवारात उभी असते आणि तिथे पार्किंगचं भाडं चढत असतं, कधी दिवसाला काही शे रुपये. टोटल लॉस ठरल्यावर वर्कशॉप एस्टिमेट काढल्याचेही पैसे मागतं. वाद लांबणार असं दिसताच कंपनीला लिहा की सांगाडा इथून हलवायचा निर्णय अमुक तारखेपर्यंत कळवा, नाहीतर त्यापुढचं भाडं तुमच्या उशिरामुळे लागतंय असं मी धरीन. उत्तर आलं नाही तर फोटो काढा, ओडोमीटर आणि चासी नंबर दिसेल असा व्हिडिओ घ्या, सर्व्हेयरला कळवा आणि गाडी टो करून स्वतःच्या जागेत आणून ठेवा. टोइंगची पावती आणि पार्किंगची बिलं त्याच फाइलमध्ये लावा. लोकपालाकडे किंवा आयोगात ती मागणीत जोडता येतात.